हाक आली, पण पुढे शब्दच नाही

2018 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातली एक घटना जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. एक जोडपं घरात बसून लाकडी फरशीबद्दल बोलत होतं. काही वेळाने नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका माणसाचा सिएटलहून फोन आला. घरातली ती बोलकी यंत्रं आधी बंद करा, असं तो सांगत होता. नवरा-बायकोचं बोलणं ध्वनिमुद्रित होऊन त्याच्याकडे पोचलं होतं, आणि बोलणं फरशीचं होतं हे त्याने सांगितल्यावर जोडप्याला विश्वास ठेवावाच लागला.

अ‍ॅमेझॉनने यावर जे स्पष्टीकरण दिलं, ते नीट वाचण्यासारखं आहे. बोलण्याच्या ओघात ‘अलेक्सा’सारखा ऐकू येणारा एक शब्द येऊन गेला आणि इको स्पीकर जागा झाला. पुढच्या बोलण्यातला काही भाग त्याला ‘निरोप पाठव’ असा ऐकू आला. कोणाला, असं त्याने मोठ्याने विचारलं. त्या वेळी खोलीत जे बोलणं चाललं होतं त्यातून त्याने फोनच्या यादीतलं एक नाव उचललं. हेच ना, अशी खात्री करून घेण्यासाठी त्याने पुन्हा विचारलं आणि बोलण्यातला कुठलासा ‘राइट’ त्याने होकार म्हणून घेतला. निरोप गेला.

या साखळीत चुकीने जागं होणं ही फक्त पहिली कडी. खरा घोटाळा त्यानंतर झाला. यंत्राशी कोणीही बोलत नव्हतं. घरात गप्पा चालू असल्या तरी यंत्रापुरती तिथे शांतताच होती. ती ओळखून मुकाट्याने झोपी जायचं सोडून ते प्रश्न विचारत राहिलं, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याचा कान आणखी काही सेकंद उघडा राहिला. आपलं नाव ऐकू आलं आणि पुढे काहीच आलं नाही, तर यंत्राने काय करावं? हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण अलेक्सा, गूगल आणि सिरी यांच्या घडणीत तो वरचेवर येतो.

आधी हे जागं होणं म्हणजे काय ते पाहू. स्मार्ट स्पीकर दिवसभर सगळं ऐकून इंटरनेटवर पाठवत बसतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात यंत्राच्या आत एक लहानशी संगणकीय व्यवस्था सतत एकाच शब्दावर कान ठेवून असते. हा हाकेचा शब्द, म्हणजे ‘वेक वर्ड’. ‘हे सिरी’ कसं ओळखलं जातं याची माहिती अ‍ॅपलने 2017 मध्ये प्रसिद्ध केली. आवाजाचे सेकंदाला सुमारे 100 तुकडे केले जातात आणि त्यातले साधारण 20 तुकडे, म्हणजे 0.2 सेकंदाचा आवाज, एका वेळी तपासला जातो. प्रत्येक वेळी एक गुण निघतो: हे ‘हे सिरी’ असण्याची शक्यता किती? गुण ठरावीक रेषेच्या वर गेला की यंत्र जागं होतं.

म्हणजे यंत्राला ‘हाक आली’ असं कधीच पक्कं कळत नाही. त्याच्याकडे फक्त गुण असतात. रेषा खाली आणली तर दूरदर्शनवरच्या आवाजानेही ते जागं होईल, वर नेली तर तीनदा हाक मारूनही ढिम्म राहील. यातून अगदी बिनचूक वाट निघत नाही. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशी हजाराहून अधिक चुकीची उच्चारणं शोधून काढली. ‘अनअ‍ॅक्सेप्टेबल’ आणि ‘इलेक्शन’ या शब्दांनी अलेक्सा जागी होत होती, ‘ओके कूल’ने गूगल, तर ‘अ सिटी’ने सिरी. (निवडणुकीच्या रात्री घरोघरच्या अलेक्सांचं काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी.) त्याच वर्षी अमेरिकेतलं नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचं इंपीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी स्पीकरांपुढे शंभराहून अधिक तास दूरचित्रवाणी मालिका चालवल्या. तासाला सरासरी जवळपास एकदा चुकीने जागं होणं त्यांना आढळलं. एरवी हे जागं होणं थोडक्यात आटोपतं, पण काही यंत्रांच्या बाबतीत अशा दहातल्या एका वेळी कान दहा सेकंद किंवा त्याहून जास्त उघडा राहिला.

हाकेनंतरच्या शांततेचा अर्थ लावताना म्हणूनच पहिली शंका हीच घ्यावी लागते, की हाक मारलीच नसेल.

पण ती एकमेव शक्यता नाही. एखाद्या आजोबांनी ‘अलेक्सा’ म्हटलं आणि ते थांबले. का थांबले? कदाचित ते ‘ओ’ची वाट पाहत असतील. माणसाला हाक मारली की तो ओ देतो, मग आपण काम सांगतो, ही आयुष्यभराची सवय आहे. कदाचित गाण्याचं नाव ओठांवर येता येता राहिलं असेल. कदाचित हाक मारली तेवढ्यात दारावरची बेल वाजली असेल. किंवा ते बोललेही असतील, पण मिक्सर सुरू असल्यामुळे यंत्रापर्यंत शब्द पोचला नसेल. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर या सगळ्यांची नोंद एकच: नाव ऐकलं, पुढे काही नाही.

माणसं हे कसं सोडवतात? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात याची उकल केली होती. पोलिसांच्या सुमारे 500 फोनची सुरुवात त्यांनी तपासली. फोनची घंटा ही एक हाक आणि ‘हॅलो’ हा तिला दिलेला ओ, असं त्यांनी मांडलं. हाक आणि ओ ही जोडी स्वतःपाशी संपत नाही. ओ आला की पुढचं बोलण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्यावर येते. कोणी आपल्याला हाक मारली, आपण ‘काय?’ म्हणालो आणि समोरचा ‘काही नाही’ म्हणाला, तरी आपल्याला खटकतं. दुसरं म्हणजे, ओ आलाच नाही तर हाक मारणारा पुन्हा हाक मारतो. शेग्लॉफ यांच्या संग्रहातला एक अपवाद गमतीचा आहे. त्यात फोन उचलला गेला, पण उचलणारा बोलला नाही. क्षणभराने फोन करणाऱ्यानेच ‘हॅलो’ म्हटलं. त्याच्या घंटेला ओ मिळाला नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्यांदा हाक मारली.

स्मार्ट स्पीकरने या रचनेत बदल केला. त्याचा ओ बहुधा मुका असतो. इकोवर निळी कडी उजळते आणि तिचा फिकट निळा भाग बोलणाऱ्याच्या दिशेला दिसतो. गूगलच्या स्पीकरवर ठिपके लागतात. मुद्दाम लावल्याशिवाय सहसा आवाज होत नाही, आणि याला कारण आहे. सरावलेली माणसं ‘अलेक्सा, पाच मिनिटांचा टायमर लाव’ हे एका दमात बोलतात. मध्ये ‘बोला’ किंवा टिंग असा आवाज आला तर त्यांचं बोलणं अडखळतं, आणि यंत्राचाच आवाज त्यांच्या पहिल्या शब्दावर पडतो. त्यामुळे सरावलेल्यांची सोय झाली. मात्र ज्याचं लक्ष यंत्राकडे नाही, ज्याला नीट दिसत नाही किंवा जो शेजारच्या खोलीतून हाक मारतोय, त्याला ओ मिळालाच नाही असं वाटतं. तो थांबतो. यंत्रही त्याच्या बोलण्यासाठी थांबतं. दोघं एकमेकांची वाट पाहत असताना कडी विझते.

या कोंडीवर सुचणारा पहिला उपाय म्हणजे यंत्राने विचारावं: ‘काही हवंय का?’ ही सूचना जुन्या टेलिफोन यंत्रणांतून आली आहे. बँकेच्या किंवा रेल्वेच्या चौकशीच्या क्रमांकावर ‘आम्हाला तुमचं उत्तर ऐकू आलं नाही’ असं ऐकवणाऱ्या यंत्रणा सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. अशा सेवा लिहिण्यासाठीची व्हॉइसएक्सएमएल ही भाषा 2004 मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली. माणूस गप्प राहिला तर काय करायचं याची वेगळी तरतूद तिच्यात होती. पहिल्या शांततेला थोडक्यात विचारावं, दुसऱ्या वेळी जरा समजावून, आणि तरीही उत्तर नसेल तर माणसाशी जोडून द्यावं किंवा फोन बंद करावा, अशी शिडी या क्षेत्रात रुळली. पुढे अलेक्सासाठी सेवा बनवणाऱ्यांनाही अशीच सोय मिळाली. सेवेने प्रश्न विचारला आणि सुमारे आठ सेकंद उत्तर आलं नाही, तर प्रश्न एकदा पुन्हा विचारला जातो. तेव्हाही शांतता असेल तर संवाद संपतो.

टेलिफोनवर हे बरोबर आहे. तिथे माणसाने स्वतः क्रमांक फिरवलेला असतो, त्यामुळे पलीकडे कोणी तरी आहे आणि त्याला काही हवं आहे, याबद्दल शंका नसते. अलेक्साने स्वतः प्रश्न विचारला असेल तेव्हाही बोलण्याची पाळी माणसाची असते, म्हणून एकदा आठवण करून देणं रास्त. पण नुसत्या हाकेनंतरच्या शांततेत पलीकडे कोणी आहे की नाही, हेच मुळात ठाऊक नसतं. अशा वेळी मोठ्याने विचारणं म्हणजे न आलेल्या फोनला उत्तर देणं. रात्री अडीचला चित्रपट चालू असताना कोपऱ्यातून ‘काही हवंय का?’ असा आवाज आला, तर घरातले दचकतील आणि दुसऱ्या दिवशी प्लग काढून ठेवतील. 2018 च्या मार्चमध्ये अलेक्सा आपोआप हसू लागली होती, तेव्हा लोकांची प्रतिक्रिया साधारण अशीच होती. इकडच्या तिकडच्या बोलण्यातून तिला ‘हस’ अशी आज्ञा ऐकू येत होती. अ‍ॅमेझॉनने मग त्या आज्ञेचे शब्द लांबवले आणि हसण्याआधी ‘हो, मला हसता येतं’ असं सांगण्याची सोय केली.

मोठ्याने विचारण्यातला दुसरा धोका पोर्टलंडमध्ये दिसला. प्रश्न विचारल्यावर यंत्र उत्तराची अपेक्षा करू लागतं, आणि अपेक्षा असली की खोलीतला कुठलाही शब्द उत्तरासारखा ऐकू येतो. ‘हो’, ‘बरं’, ‘राइट’ हे शब्द तर प्रत्येक गप्पांत असतात.

तेव्हा पहिल्या शांततेला यंत्राने गप्पच राहावं. कडी काही सेकंद तेवत ठेवावी, मग विझवावी, उघडलेला कान मिटावा आणि ऐकलेल्यातून काही करू नये. आज बाजारातले बहुतेक स्पीकर ढोबळमानाने असंच वागतात आणि ते योग्य आहे. पण या गप्प राहण्याआधी आणि नंतर बरंच काम करण्याजोगं असतं, आणि चांगल्या यंत्राचा कस तिथे लागतो.

आधीचं काम म्हणजे हाकेची फेरतपासणी. अलेक्साच्या बाबतीत स्पीकरने हाक ओळखली की तिच्या अलीकडचा अर्धा सेकंद धरून आवाज अ‍ॅमेझॉनच्या संगणकांकडे जातो. तिथे मोठी, अधिक ताकदीची व्यवस्था तोच शब्द पुन्हा तपासते. मागचा अर्धा सेकंद लागतो तो खोलीतल्या आजूबाजूच्या आवाजाची पातळी जोखण्यासाठी: त्यामुळे बोलणं नीट ओळखायला मदत होते. हाक खोटी ठरली तर आवाज घेणं तिथेच थांबतं. कडी क्षणभर लुकलुकून विझताना दिसते ती अनेकदा यामुळेच.

त्याच वेळी शांतता खरोखर आहे का, हेही ठरवावं लागतं. घर कधीच पूर्ण शांत नसतं. पंखा, कुकरची शिटी, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न हे आवाज बोलण्याहून वेगळे काढणं तुलनेने सोपं, कारण माणसाच्या आवाजाचा चढउतार निराळा असतो. अवघड असतात ती दुसरी माणसं. आईने ‘अलेक्सा’ म्हटलं आणि ती थांबली, पण मागे बातम्या चालू आहेत. यंत्राला शब्द तर ऐकू येतायत. ते आज्ञा म्हणून घ्यावेत का? अ‍ॅमेझॉनच्या संशोधकांनी 2016 मध्ये यावर एक सुरेख कल्पना मांडली. हाकेचा शब्द हाच नांगर मानायचा. तो ज्या आवाजात उच्चारला गेला त्या आवाजाची ठेवण लक्षात ठेवायची आणि पुढचं बोलणं तिच्याशी ताडून पाहायचं. निवेदकाचा आवाज आईच्या आवाजाशी जुळला नाही, तर तो कितीही स्पष्ट असला तरी तो बोलण्यात धरायचा नाही. या हिशोबाने शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे, तर जिने हाक मारली तिने न बोलणं. पोर्टलंडमध्ये मात्र एवढ्यानेही भागलं नसतं. तिथे हाकेसारखा शब्द आणि पुढच्या गप्पा एकाच तोंडून आल्या असू शकतात. अशा वेळी बोलण्याचा रोख यंत्राकडे आहे की माणसाकडे, हे वेगळं ओळखावं लागतं. 2018 मध्ये त्याच कंपनीच्या संशोधकांनी त्यावरचं कामही प्रसिद्ध केलं.

नंतरचं काम आहे दुसऱ्या हाकेचं. शेग्लॉफ यांचा फोन करणारा जसा पुन्हा ‘हॅलो’ म्हणाला, तसाच ओ न मिळालेला माणूस पुन्हा ‘अलेक्सा’ म्हणतो. हा फार मोलाचा पुरावा आहे. चुकून कानावर आलेला शब्द पाच-सहा सेकंदांत तसाच, त्याच आवाजात पुन्हा येणं दुर्मीळ. अ‍ॅपलने ‘हे सिरी’मध्ये याचा छान उपयोग केला आहे. तिथे रेषा दोन आहेत. गुण वरच्या रेषेपर्यंत पोचले नाहीत पण खालच्या रेषेच्या वर गेले, तर फोन जागा होत नाही, मात्र पुढचे काही सेकंद तो अधिक तिखट कानाने ऐकतो. माणसाने पुन्हा हाक मारली तर ती या वेळी सहज ओळखली जाते.

हीच युक्ती शांततेलाही लावता येईल. समजा, आजोबांनी हाक मारली, ती फेरतपासणीत खरी ठरली, पुढे शांतता गेली आणि कडी विझली. सहा सेकंदांनी त्यांनी पुन्हा त्याच आवाजात हाक मारली. आता कोणी तरी यंत्राशी बोलू पाहतंय याबद्दल शंका उरत नाही, आणि त्याला पहिला ओ दिसला नाही, हेही उघड आहे. या वेळी यंत्राने ऐकू येईल असा ओ द्यावा: एक लहान टिंग किंवा ‘बोला’ एवढाच शब्द. लांब वाक्य नको, कारण ते संपेपर्यंत बोलणाऱ्याचा विचार पुन्हा निसटेल. नावानंतर थांबायची ज्या घरची सवय आहे, तिथे ती ओळखून पहिल्याच हाकेला टिंग करायलाही हरकत नाही. त्यानंतरही शांतताच राहिली तर मात्र पुन्हा विचारू नये. आजोबा बहुधा दार उघडायला गेले असतील.

थांबायचं किती, हा प्रश्न उरतो. दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक प्रसिद्ध अभ्यास 2009 मध्ये झाला. त्यात एकाचा प्रश्न संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यांत सरासरी सुमारे 0.2 सेकंदांचं अंतर निघालं. जपानीत ते जवळजवळ शून्य होतं, तर डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. या मापाने पाहिलं तर दोन सेकंदांची शांतता लांबलचक वाटते. पण इथे माणूस उत्तर देत नसतो, आज्ञा जुळवत असतो. कुठलं गाणं, कुठल्या भाषेत, ‘लाव’ म्हणायचं की ‘प्ले’, हे सगळं त्याला मनात मांडावं लागतं. मनात मराठीत विचार करून तोंडाने हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला तर आणखी वेळ लागतो. तोतरेपणा असलेल्या किंवा पक्षाघातानंतर सावकाश बोलणाऱ्या माणसाला त्याहून जास्त. या लोकांसाठी ‘वेळ वाढवणं’ ही सोय चैनीची नाही. अ‍ॅपलने 2022 मध्ये सिरीला बोलणाऱ्यासाठी जास्त वेळ थांबायला लावणारी सेटिंग दिली, आणि अलेक्सामध्येही बोलणाऱ्याला अधिक वेळ देण्याची सोय आहे. दोन्हींचा भर बोलता बोलता घेतलेल्या विरामावर आहे. हाकेनंतर पहिला शब्द येईपर्यंतची मुदत किती असावी, हे मात्र घरच्या माणसाला सहसा ठरवता येत नाही. ते ठरवता यायला हवं.

ही मुदत सर्वांसाठी वाढवून टाकणं हा उपाय नव्हे. कान जितका वेळ उघडा, तितकं चुकून ऐकलेलं जास्त साठतं. 2019 मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारण संस्थेला गूगल असिस्टंटची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणं मिळाली होती. त्यातली 153 अशी होती की ती मुळात व्हायलाच नको होती, कारण त्यात हाकेचा शब्दच नव्हता. म्हणून वेळ द्यायचा तो ज्याला लागतो त्याला, आणि हाक पक्की असेल तेव्हाच.

घरी इको असेल तर वाचकांनी दोन गोष्टी आजच करून पाहाव्यात. अलेक्साच्या अ‍ॅपमधल्या प्रायव्हसीच्या भागात आवाजाच्या नोंदींचा इतिहास असतो. त्यात हा आवाज अलेक्सासाठी नव्हता अशा अर्थाच्या इंग्रजी नोंदी सापडतात. त्यांच्या वेळा पाहिल्या तर यंत्र कशाने फसतं हे लक्षात येतं. बहुतेकदा त्या टीव्हीच्या वेळेशी जुळतील, आणि मग स्पीकर टीव्हीपासून दूर हलवणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. दुसरी गोष्ट म्हणजे, घरात वृद्ध किंवा कमी दिसणारं माणूस असेल, तर त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये ‘साउंड्स’ या भागात जाऊन विनंती सुरू होतानाचा आवाज चालू करावा. तो आधीपासून लावलेला नसतो.